नाव भिका, मुलाखत पुढच्या आठवड्यात

पत्र : मी निफाड तालुक्यातला, वय 31, बीएस्सी ॲग्री. सात वर्षं द्राक्ष निर्यातीच्या कामात फील्डवर आहे. माझं नाव भिका. ऑफिसात 'बी. के.' म्हणून चालवून घेतो. पुढच्या आठवड्यात एका निर्यातदार कंपनीत फील्ड हेडच्या जागेसाठी शेवटची मुलाखत आहे. मध्यंतरी नाशकात एका ट्रेनिंगमध्ये सर म्हणाले, ओळख करून देताना आपल्या नावाची गोष्ट सांगा, लोक विसरत नाहीत. एक जण म्हणाला, "आदित्य म्हणजे सूर्य, मी जाईन तिथं उजेड पाडतो." टाळ्या पडल्या. माझी पाळी आली तेव्हा "गावाकडचं नाव आहे" एवढं बोलून मी खाली बसलो. माझ्याआधीची तीन भावंडं गेली, म्हणून आईनं पाच घरी पसा मागून माझं नाव भिका ठेवलं. हे मुलाखतीत कसं सांगू? एक मित्र म्हणतो, नाव भिक्खूवरून आलंय असं सांग, पांडवलेण्यांचा संदर्भ दे, भारी वाटतं. दुसरा म्हणतो, गॅझेट करून नावच बदल. काय करू?

(नाव छापायला पत्रलेखकाची परवानगी आहे. आडनाव, गाव आणि कंपनीचा तपशील गाळला आहे.)

---

भिकाभाऊ,

आधी त्या आदित्यबद्दल बोलू, कारण त्याच्या टाळ्या तुमच्या मनात अजून वाजताहेत. तो काय काम करतो, हे आठवतंय का तुम्हाला? पत्रात तुम्ही त्याचं नाव लिहिलंत, सूर्य लिहिलात, उजेडही लिहिलात. तो बँकेत आहे की अंबडच्या कारखान्यात, याबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे नाव लक्षात राहिलं आणि ज्यासाठी ओळख करून द्यायची तेच राहून गेलं. त्यानं गोष्ट सांगितलीच नव्हती. नावाचा अर्थ सांगितला आणि त्याला स्वतःचं थोडं कौतुक चिकटवलं. महाराष्ट्रात हजारो आदित्य आहेत आणि सगळ्यांचा अर्थ सूर्यच आहे. त्यातून याच आदित्यबद्दल काय कळलं?

तुम्ही मात्र तिथंच धरून चाललात की ज्याच्या नावाचा अर्थ देखणा, त्यालाच गोष्ट आहे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. अर्थ सगळ्यांचा सारखा असतो. नाव ठेवलं तेव्हा घरात काय चाललं होतं, कुणी कुणाला काय सांगितलं, ते तेवढं एकट्याचं असतं. गोष्ट तिथं असते, आणि तुमच्याकडे ती आहे.

नाव लक्षात राहत नाही याला कारण आहे. ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी 1987 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना अनोळखी चेहरे दाखवायचे आणि प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय सांगायचा. काही शब्द मुद्दाम असे निवडले होते की ते आडनावही असू शकतात आणि व्यवसायही. आपल्याकडं 'सुतार' आहे तसे. शब्द तोच, पण व्यवसाय म्हणून सांगितला तर लोकांना चांगला आठवायचा आणि आडनाव म्हणून सांगितला की विसरायचा. सुतारकाम म्हटलं की करवत दिसते, भुसा दिसतो, आपल्या घरचं दार करून देणारा माणूस आठवतो. आडनावाला असं काही चिकटलेलं नसतं, ते नुसतंच कानावरून जातं. नावाची गोष्ट सांगायची ती एवढ्यासाठी की नावालाही असं काहीतरी चिकटावं. पाच घरं, दारात उभी बाई, ओटीतली बाजरी. हे डोळ्यांसमोर येतं. 'उजेड पाडतो' म्हटल्यावर काहीच येत नाही.

आता तुमच्या मित्राचा भिक्खू. शब्दाचं मूळ शोधत गेलं तर दोन्ही शब्द एकाच ठिकाणी पोचतीलही. पण तुमच्या आईनं नाव ठेवताना पांडवलेण्यांचा विचार केला नव्हता. नाशिक-निफाडकडच्या कुठल्याही माणसाला भिका हे नाव कसं पडतं ते ठाऊक असतं. तुमच्यासमोर बसणाऱ्या तिघाचौघांत एक जण तरी असा निघेल, ज्याच्या चुलत्याचं नाव भिकाजी आहे. शिवाय तुमच्या कामाचा विचार करा. शेतकऱ्यानं फवारणीची वही रोजच्या रोज भरली की सॅम्पल घ्यायला माणूस येणार म्हणून आदल्या रात्री एकाच पेनानं एका बैठकीत भरली, हे ओळखायचे पैसे तुम्हाला मिळतात. त्या जागेच्या मुलाखतीची पहिली नोंदच मागाहून भरलेली असेल, तर कसं चालेल?

आणि तुमचं नाव काही एकटं नाही. मूल जगत नसलं की नियतीची, दृष्टीची, जे काही असेल त्याची दिशाभूल करायची आपल्याकडं जुनी रीत होती. कुणी मूल उकिरड्यावर ठेवून उचलून आणायचं, तो केरू. कुणी कोंड्याच्या बदल्यात शेजारणीला देऊन परत घ्यायचं, तो कोंडाजी. मुलाचं नाक टोचायचं, तो नथू. दगड समजून सोडून दे म्हणून दगडू आणि धोंडू. मागून आणलेलं मूल आहे, आमचं नाहीच, म्हणून भिका. म्हणजे हे नाव कुणी हलकं लेखून ठेवलेलं नाही. घरात सगळ्यात जास्त ज्याची काळजी होती, त्याला ते मिळालंय. हे मुलाखतीत समजावून सांगत बसू नका. तुम्हाला ते ठाऊक असलं म्हणजे नाव सांगताना मान खाली जाणार नाही, एवढंच.

सांगायचं काय, त्याआधी न सांगायचं काय ते ठरवू. तीन भावंडं गेली, ही ओळ मी काढून टाकेन. ती खरी आहे आणि तुमची आहे, पण मुलाखतीत समोरच्याला तिचं काय करावं ते कळत नाही. हळहळलं तर कामाचं बोलणं मागं पडतं, न हळहळता पुढं गेलं तर आपण निष्ठुर दिसू अशी भीती वाटते. दोन्हीकडून खोली अवघडते आणि पुढची पाच मिनिटं तुमच्याकडे दयेनं बघितलं जातं. फील्ड हेड निवडताना कुणी दयेनं निवडत नाही. शिवाय ते दुःख तुमच्यापेक्षा आईचं जास्त आहे. 'मूल जगावं म्हणून' हे तीन शब्द पुरेत. ज्याला समजायचं त्याला मागचं सगळं समजतं, ज्याला नाही त्याला त्रास होत नाही.

तुमच्या मूळ पत्रात एक मजकूर होता, जो जागेअभावी वर छापला नाही. तुम्ही तो सहज लिहिलाय. माझ्या मते सगळ्या पत्रात तोच महत्त्वाचा आहे. दिंडोरीकडच्या एका बागेची वही ऑक्टोबर छाटणीपासून अगदी स्वच्छ होती. प्रत्येक फवारणी, औषधाचं नाव, प्रमाण, काढणीआधी किती दिवस थांबायचं, सगळं जागच्या जागी. तरी तुम्ही त्या शेतकऱ्याकडे एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची दुकानाची बिलं मागितलीत. त्यानं आधी उडवून लावलं. तुम्ही पडवीत बसून राहिलात, चहा घेतलात, त्याच्या पोराच्या ॲडमिशनचं बोललात. मग तो स्वतःच उठला आणि शेडमधून सीसीसीची रिकामी बाटली घेऊन आला.

जे वाचक द्राक्षातले नाहीत, त्यांच्यासाठी थोडं थांबतो. वेल वर्षातून दोनदा छाटतात : एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळासाठीची छाटणी. वेलीची शेंडावाढ आवरायला काही जण खरड छाटणीनंतर सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, मारत. ते वेलीच्या लाकडात साठून राहतं आणि पुढच्या पिकाच्या मण्यांत उतरतं. 2010 साली युरोपात आपली द्राक्षं याच औषधाच्या अंशामुळं अडकली होती आणि नाशिकच्या कितीतरी घरांत त्या हंगामाची आठवण अजून निघते. अडचण अशी की 'या पिकावर मी सीसीसी मारलंच नाही' असं सांगणारा शेतकरी त्याच्या परीनं खरंच बोलत असतो. ऑक्टोबरपासूनची वही बघणाऱ्याला त्यात काही सापडत नाही. एप्रिलचं विचारणाऱ्याला सापडतं. निर्यातीच्या द्राक्षांसाठीच्या ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन यंत्रणेवर प्लॉटची नोंद होते, प्रयोगशाळेचा माणूस काढणीआधी नमुना नेतो, हे सगळं आहेच. पण नमुना नापास होण्याआधी ही गोष्ट कळणं आणि शेतकऱ्यानं ती आपल्या तोंडानं सांगणं यात फार फरक आहे. तुम्ही लिहिलंय की तो प्लॉट निर्यातीतून काढून लोकल मार्केटला दिला आणि तो शेतकरी आजही तुमच्याकडेच आहे.

भिकाभाऊ, तुमचं काम मागण्याचं आहे. दारात जायचं, ज्याला द्यायचं नाही त्याच्याकडे मागायचं, आणि देणाऱ्याला कमीपणा वाटू न देता घ्यायचं. तुमच्या आईनं पाच घरी तेच केलं. ही जोडणी मी बनवून देत नाही, ती तुमच्या पत्रातच पडलेली आहे. नावाची गोष्ट कामापर्यंत नेणारं एक वाक्य लागतं आणि ते असंच मिळावं लागतं. ओढूनताणून आणलं की लगेच कळतं. 'माझं नाव सागर, म्हणून मी सगळ्यांना सामावून घेतो', हे ऐकून कुणाला सागरच्या कामाबद्दल काही कळलंय का कधी?

आता प्रत्यक्ष सांगायचं कसं? तुम्ही मनातल्या मनात तयार केलेला मजकूर पत्रासोबत पाठवला होता, तो असा : "माझं नाव भिका. माझ्याआधीची भावंडं दगावली, आई खूप खचली होती, मग कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं पाच घरी भीक मागितली आणि मी जगलो. अशा परिस्थितीतून कष्ट करून मी इथपर्यंत आलो. माझं शिक्षण बीएस्सी ॲग्री..." यात गोष्ट एका गावाला जाते आणि बायोडाटा दुसऱ्या. मधल्या 'कष्ट करून'नं दोघांची गाठ पडत नाही, कारण कष्ट करून कोण आलेलं नाही? 'भीक' हा शब्दही काढा. लाज म्हणून म्हणत नाही. 'मागितलं' म्हटलं की ऐकणाऱ्याला ती बाई आणि तिची कृती दिसते, 'भीक' म्हटलं की सिग्नलवरचा हात दिसतो.

त्याऐवजी मी असं सांगेन :

"माझं नाव भिका. मूल जगावं म्हणून आईनं गल्लीतल्या पाच घरी पसा पसा बाजरी मागितली, त्यावरून हे नाव पडलं. माझं कामही मागण्याचंच आहे. सात वर्षं मी शेतकऱ्यांच्या दारात जाऊन फवारणीची वही मागतो. खरी वही. ती सहजासहजी कुणी देत नाही."

आणि इथं थांबायचं. सावकाश म्हटलं तरी हे पंचवीस सेकंदांच्या आत बसतं. 'स्वतःबद्दल सांगा' याला मुलाखतीत दीड-दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ कुणी मनापासून ऐकत नाही, तेव्हा नावाला याहून जास्त देता येणार नाही. उरलेला वेळ दिंडोरीच्या बाटलीला द्या. वही स्वच्छ होती, तरी एप्रिलचं का विचारलं, बाटली कशी बाहेर आली, प्लॉटचं काय केलं, शेतकरी कसा टिकला. त्याचं नाव-गाव अर्थातच सांगायचं नाही. शिक्षण, आधीच्या कंपन्या, किती प्लॉट सांभाळले हे आकडे त्यानंतर दोन वाक्यांत येऊ देत. ते त्यांच्या हातातल्या कागदावर आहेतच.

'बाजरी' मी माझ्या मनानं घातलीय. तुमच्याकडं ती ज्वारी असेल, गहू असेल. इथं आईला विचारावंच लागेल. पसा कशाचा मागितला? पहिलं घर कुणाचं? कुणी नाही म्हणालं का? त्या धान्याचं पुढं काय केलं? त्यातला एकच तपशील मुलाखतीत जाईल, पण तो खरा असला की आवाज आपोआप बदलतो. ऐन वेळी कुणी काही विचारलं तरी तुम्ही अडखळणार नाही.

जमलं की नाही, हे पुढच्या प्रश्नावरून कळतं. "मग खरी वही मिळते कशी?" असा प्रश्न आला, तर तुम्ही नावावरून कामावर पोचलात. "अरेरे, आता आई कशी आहे?" असं आलं, तर दुःख जास्त झालं. "बरी आहे, धन्यवाद" म्हणा आणि स्वतःच वहीवर या. नुसते हसले, तर तुम्हीही हसा आणि पुढचं वाक्य बोला. नावाला हसणारी माणसं लहानपणापासून बघितली असतील तुम्ही, पण त्यांतल्या कुणी तुम्हाला पुढचं वाक्य बोलू दिलं नसेल. मुलाखतीत तेवढी सोय असते.

तिसरा एक प्रश्न येऊ शकतो आणि आपल्याकडे तो येतो, म्हणून स्पष्टच लिहितो. "पूर्ण नाव काय? आडनाव? म्हणजे मूळचे कुठले तुम्ही?" महाराष्ट्रात नावाची गोष्ट सुरू केली की काही कान जातीच्या दिशेनं वळतात. ट्रेनिंगवाल्या सरांनी हे सांगितलं नसणार, बहुतेक सांगत नाहीत. भिका, दगडू, धोंडू ही नावं कितीतरी समाजांत आहेत, त्यामुळं नुसत्या नावावरून अंदाज बांधता येत नाही आणि ज्याला बांधायचाच असतो तो अस्वस्थ होतो. तुमचं उत्तर तयार ठेवा : "निफाडचा. माझे बहुतेक प्लॉट निफाड आणि दिंडोरीतलेच आहेत." विचारणाऱ्याला गाव मिळालं आणि बोलणं पुन्हा द्राक्षावर आलं. त्यानंतरही तो तिथंच घुटमळला, तर कंपनीबद्दल तुम्हाला कळायचं ते कळेल.

म्हणूनच, जे वाचक ट्रेनिंग देतात त्यांना माझी विनंती आहे. गोल करून बसवून प्रत्येकाला नावाची गोष्ट सांगायला लावू नका. 'नावाची किंवा पहिल्या नोकरीची' असा पर्याय ठेवा. एखादीच्या नावात वडिलांचं घर सोडल्याची गोष्ट असते, एखाद्याच्या नावात न सांगण्यासारखं बरंच असतं. तुम्ही त्या दिवशी "गावाकडचं नाव आहे" म्हणून खाली बसलात, त्यात तुमचं काही चुकलं नाही. अनोळखी चाळीस माणसांसमोर तेवढंच उत्तर योग्य होतं.

गॅझेटचा सल्ला वेगळा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. कायदेशीर मार्ग आहे, अर्ज करता येतो, शासनाच्या राजपत्रात नाव छापून येतं. त्यानंतर आधार, पॅन, बँक, पीएफ, जिथं जिथं नाव असेल तिथं ते बदलत बसावं लागतं आणि पदवीच्या कागदांना ते राजपत्र कायम जोडावं लागतं. हे नाव दर वेळी उच्चारताना तुम्हाला खरोखर टोचत असेल, तर बदला. आईच्या प्रेमाचा त्यात अपमान होत नाही. पण मुलाखतीच्या आठवड्यात हा निर्णय घेऊ नका. आणि घेण्याआधी एक बघा. ऑफिसात तुम्ही 'बी. के.' आहात, पण बागेत काय आहात? शेतकऱ्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर 'भिकाभाऊ' म्हणून सेव्ह असणार. कंपनी तुम्हाला घेतेय ती त्या शेतकऱ्यांसाठी. उद्या तिनं एखाद्याला फोन करून "ते बी. के. कसे आहेत?" विचारलं, तर तो म्हणेल, कोण बी. के.? तेव्हा अर्जावर आणि ईमेलमध्ये पूर्ण नाव असू द्या. बायोडाटात मात्र नावाची गोष्ट लिहू नका. ती बोलायची गोष्ट आहे. कागदावर लिहिलेली वाचताना तिथं काय करतेय असा प्रश्न पडतो.

नोकरी मिळाली तर परदेशी खरेदीदारांसमोरही उभं राहावं लागेल. त्यांना 'भिका' दोन अक्षरांत म्हणता येतं, आपल्याकडच्या निम्म्या नावांपेक्षा सोपं आहे. त्यांना सांगताना इंग्रजीत 'बेगर' हा शब्द चुकूनही आणू नका. आई पाच शेजाऱ्यांकडे धान्य मागायला गेली, एवढंच सांगा. मग वहीवर या. आपल्याला विकलेल्या द्राक्षाची खरी नोंद कोण आणतो, यात त्यांना तुमच्या कंपनीइतकाच रस असतो.

अशा बैठकांत टेबलाभोवती एकेक जण ओळख करून देतो. तिथलं एक ठाऊक असलेलं बरं. 1973 मध्ये ब्रेनर नावाच्या संशोधकानं दाखवलं की आपली पाळी यायच्या अगदी आधी जो बोलतो, त्याचं आपल्याला फारसं आठवत नाही. आपण मनात आपलंच वाक्य घोळवत असतो. म्हणजे तुमच्यानंतर बोलणारा माणूस तुमचं ऐकणारच नाही, आणि तुम्ही तुमच्या आधीच्याचं ऐकणार नाही. इलाज साधा आहे. नाव सुरुवातीला एकदा आणि बोलणं संपवताना पुन्हा एकदा घ्यायचं : "...तर वहीबद्दल काही अडलं तर भिकाला विचारा." शेजाऱ्यानं पहिलं ऐकलं नसेल, पण चहाच्या वेळी त्याच्याशी बोलणं तिथून सुरू करता येतं.

या सदराला अशी आणखीही पत्रं येतात. "माझ्या नावाला काही गोष्टच नाही, ज्योतिषानं 'च' काढला आणि आत्यानं चेतन ठेवलं." अशांनी नावाच्या जन्माऐवजी नावाचा पुढचा प्रवास बघावा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी दाखल्यावर काय लिहिलं? आपल्याकडे एका पिढीची जन्मतारीख जशी गुरुजींच्या कृपेनं 1 जून झाली, तशी कितीतरी नावंही दाखल्यावरच बदलली. एक अक्षर चुकलं म्हणून पासपोर्ट अडला आणि त्यातून कागदपत्रं तपासायची सवय लागली, आज ती व्यक्ती ऑडिटमध्ये आहे, असं असेल तर तीच गोष्ट. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं गेलं आणि पदवी मात्र जुन्या नावावर आहे, अशा बायकांनी कुठलं नाव का ठेवलं हे एका वाक्यात सांगितलं तरी पुरतं. कामाची ओळख कुठल्या नावावर उभी आहे, ते त्यातून कळतं. आणि खरंच काही नसेल, तर काही सांगू नये. कामावरची एखादी घटना सांगून ओळख करून दिली तरी लोक लक्षात ठेवतात.

तुमच्या गोष्टीत मला आवडलं ते हे, की तिच्यात काम करणारी व्यक्ती आई आहे. आपल्या पूर्ण नावात बापाचं नाव मध्ये असतं, आईचं कुठंच नसतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदांवरच्या नावात ते आता आलंय, तुमच्या-माझ्या नावात नव्हतं. त्यामुळं ही गोष्ट परक्यांना सांगण्याआधी तिची परवानगी घ्या. फोनवर नको, घरी जाऊन. पसा कशाचा होता ते विचारायला जाल तेव्हाच सांगा की मुलाखतीत हे बोलायचं आहे. काही आयांना ते आवडतं, काहींना वाटतं पोरानं चारचौघांत गरिबी काढली. ती नको म्हणाली, तर मधली दोन वाक्यं गाळा आणि "माझं नाव भिका. सात वर्षं मी शेतकऱ्यांच्या दारात जाऊन फवारणीची वही मागतो" इथून सुरू करा. नाव आणि काम तरीही शेजारी शेजारीच राहतात, आणि निफाडकडचा कुणी समोर असेल तर त्याला बाकीचं न सांगताही कळेल.